आउटरप्लॅनर ग्राफ: 2n − 3 कडा कुठून येतात आणि तीन रंग का पुरतात

कागदावर वर्तुळ काढा, त्यावर काही शिरोबिंदू मांडा आणि त्यांना जोडणाऱ्या सगळ्या कडा वर्तुळावर किंवा त्याच्या आत अशा काढा, की कुठलीही कड दुसरीला छेदणार नाही. ज्या ग्राफसाठी हे जमतं तो आउटरप्लॅनर ग्राफ. पुस्तकातली व्याख्या थोड्या वेगळ्या शब्दांत असते: ग्राफ प्लॅनर असावा, म्हणजे सपाट कागदावर कडा न छेदता काढता यावा, आणि त्याचा प्रत्येक शिरोबिंदू चित्राच्या बाहेरच्या मोकळ्या भागाला लागून असावा. गॅरी चार्ट्रँड आणि फ्रँक हरारी यांनी १९६७ मध्ये या ग्राफांचा अभ्यास मांडला.

यांच्याबद्दल दोन गोष्टी नेहमी एकत्र सांगितल्या जातात. n शिरोबिंदू असतील (n किमान २) तर कडा जास्तीत जास्त 2n − 3, आणि रंगवायला तीन रंग पुरे. इथे रंगवणं म्हणजे कडेने जोडलेल्या दोन शिरोबिंदूंना कधीही एकच रंग न देणं. या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी वाचल्या की पहिलीवरून दुसरी निघते असा समज सहज होतो: कडा कमी आहेत, म्हणून रंग कमी लागतात. हा समज चुकीचा आहे. दोन्ही गोष्टी एकाच चित्रातून निघतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. या लेखात दोन्ही कारणं सुटी करून दाखवतो आणि दहा शिरोबिंदूंचा एक ग्राफ शेवटपर्यंत रंगवतो.

आधी शिरोबिंदू वर्तुळावर आणा

पुस्तकातल्या व्याख्येवरून वर्तुळाच्या चित्राकडे जायचा रस्ता सरळ आहे. चित्राच्या बाहेरच्या मोकळ्या भागात एक नवा बिंदू ठेवा. सगळे शिरोबिंदू त्या भागाला लागून आहेत, म्हणून नव्या बिंदूपासून प्रत्येक शिरोबिंदूपर्यंत काहीही न छेदता एक रेघ नेता येते. या रेघा नव्या बिंदूभोवती ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने शिरोबिंदू वर्तुळावर मांडा आणि १ पासून n पर्यंत क्रमांक द्या. मूळ कडा आता सरळ रेषांनी काढल्या तरी एकमेकींना छेदत नाहीत.

वर्तुळावरच्या शेजाऱ्यांना जोडणारी कड ती बाहेरची कड, आणि बाकीच्या कडांना कर्ण म्हणू. शाळेत बहुभुजाकृतीचे कर्ण शिकतो, तेच हे. दोन कर्ण छेदतात का, हे चित्र न काढताही कळतं. एक कर्ण a–b आणि दुसरा c–d, प्रत्येकात लहान क्रमांक आधी लिहिलेला आणि a हा c पेक्षा लहान. मग a < c < b < d असेल तरच ते छेदतात. १–४ आणि ३–७ छेदतात. १–४ आणि ४–७ यांना एक टोक सामाईक आहे, ते छेदत नाहीत. १–७ आणि ३–५ एकमेकांत बसतात, तेही छेदत नाहीत. हाताने काम करताना चुका बहुतेक इथेच होतात, म्हणून कर्णांची यादी लिहून प्रत्येक जोडी या कसोटीवर तपासलेली बरी.

2n − 3 चा हिशेब

शिरोबिंदू किमान तीन आहेत असं धरू. दोन असतील तर एकच कड शक्य आहे, आणि सूत्रही १ हेच सांगतं.

बाहेरच्या काही कडा ग्राफमध्ये नसतील तर त्या घाला. वर्तुळाच्या परिघालगतच्या कडा कोणालाच छेदत नाहीत, त्यामुळे चित्र बिघडत नाही आणि कडांची संख्या फक्त वाढते. आपण कमाल शोधतो आहोत, तेव्हा वाढलेली चालते. आता बाहेर n कडांची बहुभुजाकृती आहे आणि आत d कर्ण आहेत.

पहिला कर्ण काढला की आतल्या जागेचे दोन तुकडे होतात. कर्ण छेदत नसल्याने पुढचा प्रत्येक कर्ण कुठल्यातरी एकाच तुकड्यातून जातो आणि त्याचे दोन करतो. म्हणजे d कर्णांनंतर d + 1 तुकडे. प्रत्येक तुकड्याला किमान तीन बाजू असतात, तेव्हा सगळ्या तुकड्यांच्या बाजू मोजल्या तर बेरीज किमान 3(d + 1) यायला हवी. हीच बेरीज दुसऱ्या बाजूने मोजू. बाहेरची कड एकाच तुकड्याची बाजू असते, कर्ण मात्र दोन तुकड्यांची. म्हणजे बेरीज अगदी नेमकी n + 2d आहे. दोन्ही एकत्र ठेवले की

3(d + 1) ≤ n + 2d, म्हणून d ≤ n − 3

आणि एकूण कडा n + (n − 3) = 2n − 3 पेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. बरोबरी कधी होते तेही याच ओळीत दिसतं: प्रत्येक तुकडा त्रिकोण असेल तेव्हा. त्रिकोणांत पूर्ण विभागलेल्या बहुभुजाकृतीत n − 3 कर्ण आणि n − 2 त्रिकोण असतात, मग कर्ण कुठूनही काढलेले असोत. दहा शिरोबिंदूंसाठी ७ कर्ण, ८ त्रिकोण आणि १७ कडा.

पडताळा हवा असेल तर वरचा बाहेरचा नवा बिंदू आठवा. मूळ ग्राफमध्ये m कडा असतील, तर तो बिंदू धरून n + 1 शिरोबिंदू होतात, कडा m + n होतात आणि ग्राफ प्लॅनरच राहतो. N शिरोबिंदूंच्या प्लॅनर ग्राफमध्ये (N किमान ३) कडा 3N − 6 पेक्षा जास्त नसतात. तेव्हा m + n ≤ 3(n + 1) − 6, म्हणजे पुन्हा m ≤ 2n − 3. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला.

हा आकडा काय सांगत नाही

कडा 2n − 3 पेक्षा जास्त असतील तर ग्राफ आउटरप्लॅनर नाही, हे नक्की. चार शिरोबिंदू आणि सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणजे K₄, यात ६ कडा आहेत आणि मर्यादा ५ ची. तो लगेच बाद होतो. पण कडा मर्यादेत आहेत म्हणून ग्राफ आउटरप्लॅनर ठरत नाही. K₂,₃ घ्या: एका बाजूला दोन शिरोबिंदू, दुसऱ्या बाजूला तीन, आणि या बाजूचा प्रत्येक त्या बाजूच्या प्रत्येकाला जोडलेला. पाच शिरोबिंदूंना मर्यादा ७ ची, कडा फक्त ६. तरीही हा ग्राफ वर्तुळावर बसत नाही. बाहेरचा नवा बिंदू सगळ्यांना जोडला की दोनच्या बाजूला तिसरा येतो आणि त्या चित्रात K₃,₃ दिसतो. K₃,₃ कडा न छेदता काढता येत नाही.

खरी कसोटी हीच आहे. सगळ्यांना जोडलेला एक नवा शिरोबिंदू घाला. वाढलेला ग्राफ प्लॅनर असेल तर मूळ ग्राफ आउटरप्लॅनर, नाहीतर नाही. उलट दिशाही सोपी आहे. वाढलेल्या ग्राफच्या चित्रातून नवा शिरोबिंदू पुसला की तो जिथे होता त्या मोकळ्या भागाला सगळे शिरोबिंदू लागून राहतात, आणि तो भाग बाहेरचा करून चित्र काढता येतं. चार्ट्रँड आणि हरारी यांचं प्रमेय याच गोष्टीला दुसऱ्या बाजूने भिडतं: ग्राफमध्ये K₄ किंवा K₂,₃ लपलेला नसेल, कडांवर मधेच शिरोबिंदू घालून ताणलेल्या रूपातही नसेल, तरच तो आउटरप्लॅनर.

आता रंगांकडे वळू. एका शिरोबिंदूला जितक्या कडा लागतात ती त्याची डिग्री. सगळ्या डिग्र्यांची बेरीज कडांच्या दुप्पट असते, म्हणजे इथे जास्तीत जास्त 4n − 6. सरासरी चारपेक्षा कमी आली, तेव्हा कुठल्यातरी शिरोबिंदूची डिग्री ३ किंवा कमी असणारच. तो काढा, उरलेला ग्राफ रंगवा, मग तो परत ठेवा. त्याचे शेजारी तीन, त्यांचे तीन रंग असू शकतात, म्हणून चौथा रंग हाताशी लागतो. कडांचा हिशेब चार रंगांपर्यंत आणून सोडतो. त्याच्या पुढे तो जात नाही.

यावर असं वाटू शकतं, की जरा जास्त हुशारीने मोजलं तर तीनही मिळतील. मिळणार नाहीत, कारण उलट उदाहरण उपलब्ध आहे. लिओ आणि विल्यम मोझर या भावांनी १९६१ मध्ये दिलेला सात शिरोबिंदूंचा ग्राफ घ्या. A, B, C हा त्रिकोण आणि B, C, D हा दुसरा त्रिकोण मिळून एक समभुज चौकोन होतो. A पासूनच दुसरा असाच चौकोन: A, E, F आणि E, F, G. शेवटी D आणि G यांच्यात एक कड. एकूण कडा ५ + ५ + १ = ११, आणि 2 × 7 − 3 हेही ११ च. इतकंच नाही, यातले कुठलेही दोन किंवा जास्त शिरोबिंदू निवडले तरी त्यांच्यातल्या कडा त्या संख्येसाठीच्या मर्यादेतच राहतात. तरीही तीन रंग पुरत नाहीत. तीनच रंग असतील तर B आणि C यांच्या दोन्ही बाजूंना असलेले A आणि D एकाच रंगाचे होतात, तसेच A आणि G. मग D आणि G एकाच रंगाचे आणि ते तर जोडलेले. कडांचं गणित शेवटपर्यंत पाळूनही हा ग्राफ चौथा रंग मागतो. A ची डिग्री ४ आहे आणि बाकी सहांची ३. डिग्री २ चा एकही शिरोबिंदू त्यात नाही. आउटरप्लॅनर ग्राफमध्ये नेमका तो असतो.

सगळ्यात आखूड कर्ण

दावा असा: वर्तुळावर मांडलेल्या ग्राफमध्ये डिग्री २ किंवा कमी असलेला शिरोबिंदू असतोच.

कर्ण एकही नसेल तर प्रत्येकाला फक्त दोन बाजूंचे शेजारी आहेत, काम झालं. कर्ण असतील तर प्रत्येकाची लांबी मोजा, पण फुटपट्टीने नव्हे. कर्णाच्या दोन टोकांमध्ये परिघावर किती शिरोबिंदू अडकले ते मोजा आणि दोन बाजूंपैकी लहान संख्या घ्या. यात सगळ्यात आखूड कर्ण a–b निवडा आणि त्याच्या लहान बाजूला अडकलेला एखादा शिरोबिंदू c पाहा. असा c असतोच, नाहीतर a–b ही बाहेरची कड झाली असती. c पासून निघालेला कर्ण a–b च्या पलीकडे जाऊ शकत नाही, कारण तो a–b ला छेदेल. अलीकडेच राहिला, अगदी a किंवा b पाशी संपला, तरी तो a–b पेक्षा आखूड होईल, आणि a–b तर सगळ्यात आखूड निवडला आहे. म्हणून c ला कर्णच नाही. त्याचे शेजारी फक्त परिघावरचे दोन.

मोझर भावांचा ग्राफ इथेच गळतो: त्याचे शिरोबिंदू वर्तुळावर न छेदता बसत नाहीत, त्यामुळे हा युक्तिवाद त्याला लागूच होत नाही. तीन रंगांचं श्रेय कडांच्या संख्येला नाही, न छेदण्याला आणि वर्तुळावरच्या क्रमाला आहे.

पुढचं सोपं आहे. c काढून टाका. उरलेले शिरोबिंदू त्याच वर्तुळावर, त्याच क्रमाने आहेत, म्हणून उरलेला ग्राफही आउटरप्लॅनर आणि त्यातही असा शिरोबिंदू सापडणार. शेवटपर्यंत काढत जा. मग उलट क्रमाने परत ठेवत रंगवा. ठेवताना प्रत्येकाला रंगवलेले शेजारी जास्तीत जास्त दोन, तेव्हा तिसरा रंग नेहमी शिल्लक.

दहा शिरोबिंदू, सतरा कडा

परिघावर १ ते १०. कर्ण सात: १–३, ३–१०, ३–९, ३–५, ५–९, ५–७, ७–९. छेदण्याची कसोटी लावून पाहा, एकही जोडी छेदत नाही. कडा १० + ७ = १७, म्हणजे मर्यादेला टेकलेला ग्राफ.

सुरुवातीला २, ४, ६ आणि ८ यांची डिग्री २ आहे. कागदावर २ पुसा आणि शेजारी टिपून ठेवा: १ आणि ३. तसंच ४ पुसा (३, ५), ६ पुसा (५, ७), ८ पुसा (७, ९). प्रत्येक वेळी शेजारी टिपणं महत्त्वाचं, कारण रंगवताना नेमके तेच पाहायचे आहेत. २ गेल्यामुळे १ ची डिग्री तीनवरून दोनवर आली; तो पुसा (१०, ३). आता १० चे ९ आणि ३ एवढेच उरले, तो पुसा. ७ चे ५ आणि ९ उरले, तोही पुसा. हातात ३, ५, ९ हा एकच त्रिकोण राहिला.

त्रिकोणाला रंग द्या: ३ लाल, ५ हिरवा, ९ निळा. आता उलट क्रमाने चला. ७ चे शेजारी ५ हिरवा आणि ९ निळा, म्हणून ७ लाल. १० चे ९ निळा आणि ३ लाल, म्हणून १० हिरवा. १ चे १० हिरवा आणि ३ लाल, म्हणून १ निळा. ८ चे ७ लाल आणि ९ निळा, म्हणून ८ हिरवा. ६ चे ५ हिरवा आणि ७ लाल, म्हणून ६ निळा. ४ चे ३ लाल आणि ५ हिरवा, म्हणून ४ निळा. शेवटी २ चे १ निळा आणि ३ लाल, म्हणून २ हिरवा.

लाल: ३, ७. हिरवे: २, ५, ८, १०. निळे: १, ४, ६, ९. सतराही कडा एकदा तपासून घ्या. इथे एकाही पावलावर निवड करायची वेळ आली नाही, हे लक्षात आलं असेल. त्रिकोणांत पूर्ण विभागलेल्या ग्राफमध्ये पहिल्या त्रिकोणाचे रंग ठरले की बाकी सगळे ठरतात; रंगांची नावं अदलाबदल करण्यापलीकडे दुसरी रचनाच नसते. एखादा कर्ण नसता तर काही शिरोबिंदूंना मोकळीक मिळाली असती.

क्रम सोडला तर

पुसण्या-ठेवण्याचा खटाटोप टाळून १ पासून १० पर्यंत सरळ रंगवत गेलो तर? प्रत्येकाला शक्य तो पहिला रंग द्यायचा, अ, मग ब, मग क. १ ला अ, २ ला ब, ३ ला क, ४ ला अ, ५ ला ब, ६ ला अ, ७ ला क. ८ चा रंगवलेला शेजारी फक्त ७, म्हणून त्याला अ. आता ९ आला. त्याचे रंगवलेले शेजारी ८ (अ), ५ (ब), ३ आणि ७ (दोन्ही क). तिन्ही रंग अडले आणि चौथा लागला.

ग्राफ तोच आहे, तीन रंगांत बसणारा आहे, फक्त क्रम चुकला. ८ ला रंग देताना ९ अजून आलाच नव्हता. चौथा रंग लागला तर लगेच ग्राफ आउटरप्लॅनर नाही असं म्हणू नका. आधी क्रम पाहा. उलट चूकही होते: पुसण्याची क्रिया शेवटपर्यंत गेली म्हणजे ग्राफ आउटरप्लॅनर, असंही नाही. K₂,₃ मध्येही डिग्री २ चे शिरोबिंदू एकेक करून सगळा ग्राफ संपतो. मात्र क्रिया मधेच अडली, उरलेल्या सगळ्यांची डिग्री ३ किंवा जास्त निघाली, तर ग्राफ आउटरप्लॅनर नाही हे पक्कं.

मोठ्या ग्राफसाठी संगणकावर दोन्ही कामं थोडक्यात होतात. पायथॉनच्या `networkx` मध्ये बाहेरचा बिंदू घातल्यावर ग्राफ प्लॅनर राहतो का, हे `check_planarity` तपासतं, आणि `smallest_last` हे धोरण म्हणजे आपलाच पुसण्याचा क्रम: सगळ्यात कमी डिग्रीचा शिरोबिंदू आधी काढायचा, रंगवायचा मात्र शेवटी.

```python
import networkx as nx

G = nx.Graph()
nx.add_cycle(G, range(1, 11))
G.add_edges_from([(1, 3), (3, 10), (3, 9), (3, 5),
                  (5, 9), (5, 7), (7, 9)])

H = G.copy()
H.add_edges_from(("baher", v) for v in G)
print(nx.check_planarity(H)[0])

rang = nx.greedy_color(G, strategy="smallest_last")
print(max(rang.values()) + 1)
```

पहिली ओळ `True` येते, दुसरी `3`. हाच कार्यक्रम K₂,₃ वर चालवला तर पहिली `False` येईल.

तीन रंगांतून पहारेकरी

१९७३ मध्ये व्हिक्टर क्ली यांनी विचारलं: n कोपऱ्यांच्या कलादालनाच्या प्रत्येक जागेवर नजर राहावी म्हणून किती पहारेकरी पुरतील? भिंती कशाही वाकड्यातिकड्या असोत. वाक्लाव ख्वाताल यांनी १९७५ मध्ये उत्तर सिद्ध केलं: n भागिले ३, अपूर्णांक सोडून. १९७८ मध्ये स्टीव्ह फिस्क यांनी तेच तीन रंगांनी काही ओळींत दाखवलं. दालनाची जमीन कर्णांनी त्रिकोणांत विभागा; मिळालेला ग्राफ आउटरप्लॅनर असतो. तीन रंगांत रंगवा. प्रत्येक त्रिकोणात तिन्ही रंग येतात, म्हणून कुठल्याही एका रंगाच्या कोपऱ्यांवर पहारेकरी उभे केले की प्रत्येक त्रिकोण कोणाच्या तरी नजरेत राहतो. सगळ्यात कमी वेळा वापरलेला रंग n/3 पेक्षा जास्त वेळा असू शकत नाही.

आपला ग्राफ दहा कोपऱ्यांचं दालन असं धरला तर प्रमेय तीन पहारेकऱ्यांची हमी देतं. इथे लाल कोपरे दोनच आहेत, ३ आणि ७. आठही त्रिकोण लिहून पाहा: १–२–३, १–३–१०, ३–९–१०, ३–५–९, ३–४–५, ५–७–९, ५–६–७, ७–८–९. प्रत्येकात ३ किंवा ७ आहे, तेव्हा दोघांत काम भागतं. जमिनीचे त्रिकोण वेगळ्या कर्णांनी पाडले तर रंगांची विभागणी बदलेल आणि कदाचित तीन लागतील. हमीच्या वर मात्र आकडा कधी जात नाही.

दालनाच्या मधोमध उघडं अंगण असेल तर ही पद्धत थांबते. अंगणाच्या कोपऱ्यांपर्यंत कर्ण न्यावे लागतात, ते कोपरे आतल्या पोकळीला लागून असतात, आणि सगळ्या शिरोबिंदूंना एकाच बाहेरच्या वर्तुळावर आणता येईलच असं राहत नाही. मग सगळ्यात आखूड कर्णाचा युक्तिवाद लागू होत नाही, आणि त्रिकोण पाडून मिळालेला ग्राफ तीन रंगांत बसेल याची खात्री देता येत नाही.